आजीचा कमरपट्टा, नऊवारी आणि पाट: एका नवरीच्या चांदीची हकीकत

माघात एक दिवस दुपारी तिघीजणी आमच्या पेढीवर आल्या. नवरी, तिची आई आणि बेळगावची आत्या. घर गडहिंग्लजकडचं, लग्न वैशाखात. आईच्या पिशवीत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला नवरीच्या आजीचा चांदीचा कमरपट्टा होता. यादी त्यांनी आधीच करून आणली होती: कमरपट्टा, दोन वाक्या, पैंजण, जोडवी आणि जमलं तर कमरेला लटकवायचा छल्ला. सोनं घरात पुरेसं होतं, त्यामुळे आमच्याकडे प्रश्न फक्त चांदीचा होता.

मी कोल्हापूरच्या गुजरीत बरीच वर्षं ऑर्डरी घेते. माहेर हुपरीचं, म्हणजे चांदी लहानपणापासून पाहिलेली. तरी हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण एकाच घरात मापाचे, वजनाचे आणि टंचाचे, म्हणजे शुद्धतेचे, सगळे घोळ समोर आले. त्यातला एक माझा स्वतःचा होता.

आईचं म्हणणं सरळ होतं. "ताई, हा पट्टा मुलीला होत नाही. मोडून टाका आणि ह्याच चांदीचा नवा, मापाचा, चांगल्या टंचाचा करून द्या." आत्याला ते पटत नव्हतं, पण कारण सांगता येत नव्हतं. नवरी गप्प होती.

मोडायचा की ठेवायचा, हे ठरवायच्या आधी मी दोन गोष्टी मागितल्या. मुलीचं खरं माप आणि पट्ट्याचा खरा टंच.

माप कशावर घ्यायचं

आई कमरेचं माप घरून घेऊन आली होती, ७६ सेंटिमीटर. पट्टा लावून मोजला तर ७९ भरला. म्हणजे तीन सेंटिमीटर सैल व्हायला हवा होता, मग होत नाही कसा? ते माप सलवार-कुडत्यावर घेतलेलं होतं आणि पट्टा लावून पाहिला होता तो नऊवारीवर. कमरपट्टा अंगावर बसत नाही, लुगड्यावर बसतो. नऊवारीचं नेसणं म्हणजे कमरेभोवती कापडाचे अनेक पदर, खोचलेल्या निऱ्या, मागे खोचलेला काष्टा. त्यातून जरीची जाड पैठणी असेल तर आणखी भर. म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यांना लग्नाचीच साडी घेऊन, ती नेसवणाऱ्या बाईंसकट बोलावलं. सहावारीवर घेतलेल्या मापावर नऊवारीचा पट्टा कधीच करू नये.

साडी नेसून उभं राहिल्यावर माप आलं ८४. मग मी तिला पाटावर मांडी घालून बसायला सांगितलं. हे माप बहुतेक ठिकाणी कुणी घेत नाही. लग्नातले विधी तासन् तास पाटावर बसून होतात, बसलं की पोट पुढे येतं, कापड गोळा होतं. बसल्यावर माप आलं ८९. उभं आणि बसलेलं यांत पाच सेंटिमीटरांचा फरक! ८४ चा पट्टा घालून ही मुलगी होमापुढे बसली असती तर तासाभरात कुणीतरी पट्टा सोडून बाजूला ठेवला असता. लग्नाच्या फोटोंत पहिल्या दोनचारांत कमरपट्टा दिसतो आणि पुढे गायब होतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उलट ८९ चा एकच पक्का पट्टा केला तर उभं राहिल्यावर तो घसरून नितंबांवर येतो, कारण रेशमावर चांदी धरून राहत नाही. तेव्हा एकच माप चालणार नव्हतं. ८४ पासून ९० पर्यंत बदलता येईल अशी सोय हवी होती.

पट्ट्याची जागाही त्याच वेळी ठरवली. मधलं पदक बेंबीच्या रेषेवर आलं पाहिजे, असं आत्या म्हणत होती. पण पदक जड होतं आणि पट्टा पुढच्या बाजूला ओढला जाऊन खाली कलत होता. कमर वरून खाली रुंदावत जाते, पट्टा मात्र सरळ असतो. रुंद कड्यांचा पट्टा असेल तर खालची कडा टोचते आणि वरची अंगापासून सुटते. आजीच्या पट्ट्यातले पत्रे तीन सेंटिमीटर उंचीचे असले तरी लहान लहान आणि बिजागरीने जोडलेले होते, म्हणून तो कमरेच्या वळणावर बराच नीट बसत होता. जुन्या कारागिराने हे समजूनच केलं असणार. हल्ली दिसायला भारी म्हणून मोठमोठ्या पत्र्यांचे पट्टे मागतात, ते कमरेवर पेटीसारखे उभे राहतात.

मशीन चौऱ्याऐंशी म्हणालं

आता टंच. शेकडा किती शुद्ध चांदी आहे ते म्हणजे टंच. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकीचं मुख्यतः तांबं. अगदी शुद्ध चांदी दागिन्याला नरम पडते, कड्या ताणल्या जातात, पत्रा दबतो, म्हणून तांबं घालावंच लागतं. किती घातलं, एवढाच प्रश्न असतो.

आईने दुसऱ्या एका ठिकाणी पट्टा मशीनवर ठेवून पाहिला होता. आकडा आला होता ८४. "८४ टंचाचा आहे, वजन ३१० ग्रॅम, म्हणजे २६० ग्रॅम शुद्ध चांदी," असा त्यांचा हिशोब तयार होता आणि तो पाहूनच मोडायचं ठरलं होतं.

टंच पाहायचं हे मशीन वरवरचा थर वाचतं. आत किती खोल? केसाच्या जाडीइतकंही नाही. आणि जुन्या चांदीचा वरचा थर आतल्यासारखा नसतो. कारागीर दागिना उजळतो तेव्हा तो तापवतो, मग आंबट पाण्यात किंवा तेजाबात टाकतो. तापवल्यावर वरचं तांबं काळं होतं आणि आंबटात विरघळून जातं. चांदी मात्र तशीच राहते. असं दोनचार वेळा केलं की वर जवळपास शुद्ध चांदीची पांढरी साय येते आणि आत कमी टंचाचाच धातू राहतो. यात फसवणूक आहेच असं नाही, हा उजळण्याचा धर्मच आहे. पण मशीनला दिसते ती साय.

म्हणून मी परवानगी घेऊन तीन ठिकाणी पाठीमागून कानस मारली. एका पत्र्याच्या मागे, एका कडीवर आणि पट्टा बंद करायच्या फाशावर. घुंगरू एक सुटलेलंच होतं, ते चिरलं. मग पुन्हा मशीनवर ठेवलं. पत्रा ७३ आला, कड्या आणि घुंगरं ६१, आणि फासा तर ५५. फासा मूळचा नव्हता, कधीतरी बदललेला होता. घुंगरं कमी येण्याचं कारण डाक, म्हणजे जोडासाठी वितळवतात तो धातू. घुंगरू म्हणजे दोन वाट्या डाक देऊन जोडलेल्या असतात आणि डाकाची चांदी मुद्दाम हलक्या टंचाची ठेवावी लागते, नाहीतर ती आधी वितळणारच नाही. जितके जोड जास्त तितका दागिन्याचा सरासरी टंच खाली. त्याशिवाय घुंगरांच्या पोटात वाजायला गोळ्या असतात, त्या चांदीच्या असतीलच असं नाही.

मग हिशोब कागदावर मांडला. पत्रे २२६ ग्रॅम, त्यात ७३ टंचाने १६५ ग्रॅम शुद्ध चांदी. कड्या-घुंगरं ६२ ग्रॅम, त्यात ६१ ने ३८ ग्रॅम. फासा आणि पिना २२ ग्रॅम, त्यात ५५ ने १२. एकूण २१५. आईच्या हिशोबात ती २६० होती. ३१० ग्रॅमवर सरासरी टंच निघाला ६९. आटवताना जी घट येते ती धरली तर हातात २१० च्या आसपास राहणार.

आता त्यांना हवा असलेला नवा पट्टा ९२५ चा, ३०० ग्रॅमचा. त्यात शुद्ध चांदी लागते २७७ ग्रॅम. म्हणजे जुना पट्टा पूर्ण मोडूनही ६७ ग्रॅम शुद्ध चांदी विकत घ्यावी लागणार, वर ३०० ग्रॅमची मजुरी, वर जीएसटी. शिवाय जो पट्टा जाणार त्याच्यावर हाताने उठवलेलं काम होतं, ते ठशाच्या कामाने परत मिळत नाही. मोडीत नक्षीला किंमत नसते.

आई जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे सासूबाईंना त्या वेळी फसवलं होतं?" मला तसं वाटत नाही. पूर्वी आपल्याकडे चांदीचा दागिना असाच विकायचे: मजुरी वेगळी न लावता पूर्ण वजनाला चांदीचा भाव घ्यायचा आणि टंच कमी ठेवून त्यात मजुरी वसूल करायची. मोड देताना शेकडा तीसचाळीस कापले जायचे ते यामुळेच. दोन्ही बाजूंना ते माहीत असायचं. आज घोळ होतो तो वेगळाच: टंच जुन्या पद्धतीचा कमी, भाव पूर्ण चांदीचा आणि वर मजुरीही वेगळी. पावतीवर टंच लिहिलेला नसेल तर हे ओळखण्याचा मार्ग नाही.

मोडायचा नाही, पण तापवायचाही नाही

पट्टा ठेवायचा ठरलं. मग मापाचं काय? साधा उपाय म्हणजे तसेच दोनतीन पत्रे करून डाक देऊन जोडायचे. आमच्या कारागिराने पट्टा हातात घेऊन मान हलवली. "ह्याला आच सोसायची नाही," एवढंच म्हणाला.

त्याचं म्हणणं अनुभवाचं होतं, पण त्यामागे पक्कं कारण आहे. चांदी आणि तांब्याच्या मिश्रणात साधारण ७२ टक्के चांदी असते तिथे वितळण्याचा बिंदू सगळ्यांत खाली येतो, ७७९ अंश सेल्सिअस. नुसती चांदी वितळायला ९६२ अंश लागतात. ९२५ ची चांदी तापवली तर ती आधी मऊ होते, चकाकते, कारागिराला सावरायला वेळ मिळतो. ७२-७३ टंचाचा पत्रा मात्र एका क्षणी घट्ट असतो आणि पुढच्या क्षणी पाणी होतो. मधली अवस्था जवळपास नाहीच. त्यातून जुन्या धातूत जस्त असलं तर तो आणखी आधी जातो. आजीच्या पट्ट्याचा पत्रा नेमका ७३ होता. नवा डाक वितळेपर्यंत जुन्या पत्र्याची नक्षी वाहून गेली असती. शिवाय जुने जोडही सुटले असते.

म्हणून पट्ट्याला आच लावायचीच नाही, असं ठरवून वाट काढली. पाठीमागच्या बाजूला एका बिजागरीची पिन काढली. तिथे पट्टा उघडला. एका टोकाला जुन्याच बिजागरीच्या नळीत नव्या पिनेने आकडा बसवला, दुसऱ्या टोकाला तशाच पिनेने तीन पदरी साखळी. साखळी ११ सेंटिमीटरची, ९२५ ची, आकड्यासकट वजन ३८ ग्रॅम. साखळीवर ५, ७, ९ आणि ११ सेंटिमीटरवर एकेक गोल कडी. आकडा ज्या कडीत अडकवाल त्याप्रमाणे पट्टा ८४, ८६, ८८ किंवा ९० होतो. सगळा डाक साखळीवरच, वेगळा, जुन्या पट्ट्यापासून दूर दिला. ही साखळी दिसत नाही का, असा प्रश्न नवरीने विचारला. तिने तोंड उघडून विचारलेला तो पहिला प्रश्न. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून मागे येतो, त्याखाली ती झाकते. म्हणून जोड ऐन मध्यभागी न घेता थोडा डावीकडे घेतला.

पदक खाली कलू नये म्हणून त्याच्या मागच्या कडीला बोटाच्या पेराएवढा चपटा आकडा लावला, तो साडीच्या कमरेच्या घडीत खोचायचा. सेफ्टी पिनने पट्टा साडीला टोचतात ते करू नये, पैठणीची जर ओढली जाते. जुना ५५ टंचाचा फासा बदलून ९२५ चा केला, तोही पिनेवरच. छल्ला मात्र मी नको म्हटलं. छल्ल्याचं वजन पट्ट्यावर टाकलं की डावी बाजू उतरते. हवाच तर तो वेगळ्या आकड्याने कमरेच्या घडीत खोचावा. त्यांनी तो नादच सोडला.

ज्यांना नवाच पट्टा करायचा आहे त्यांच्यासाठी वजनाचं एवढंच सांगते. आजीच्या पट्ट्यासारखा पत्रा, तीन गुणिले अडीच सेंटिमीटरचा, ०.४ मिलिमीटर जाडीचा केला तर एकेक पत्रा सुमारे तीन ग्रॅमचा होतो. तोच ०.२५ मिलिमीटरचा केला तर दोन ग्रॅमलाही भरत नाही, आणि समोरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. "दिसायला तसाच, पण दीडशे ग्रॅममध्ये बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर वजन पत्र्याच्या जाडीतून गेलेलं असतं. पत्र्याच्या मधोमध अंगठ्याने हलकेच दाबून पाहावं. दबून आत गेला आणि पुन्हा वर आला, तर तो पत्रा पाटावर बसल्यावर पोटाच्या घडीत वाकणार.

आत्याची वंकी

आत्याने बेळगावहून एक तयार जोडी आणली होती. ती त्याला वंकी म्हणत होती, आम्ही वाकी म्हणतो. दंडात घालायची, वर टोक आलेली, मोरांची. एकेकीचं वजन पावतीवर ६४ ग्रॅम, सगळं चांदी म्हणून लावलेलं. हातात घेतल्यावर मला ती आकाराच्या मानाने हलकी वाटली.

अशी शंका आली तर घरच्या घरी पाहता येतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. मग दागिना दोऱ्याने धरून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडांना लागू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पाणी दागिन्याने सारलं. दागिन्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा. ९२५ ची भरीव चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या आसपास येतं. आत्याच्या वाकीला काट्याने १७ दाखवलं. ६४ भागिले १७, उत्तर पावणेचार. भरीव असती तर काटा सहाच्या आसपास थांबला असता.

एवढ्याने ती खोटी ठरत नाही, फक्त पोकळ किंवा भरलेली आहे इतकं कळतं. पोकळ दागिन्यात हवा असते, घुंगरांतही असते, त्यामुळे हा प्रयोग पैंजणांवर करून घाबरू नये. पण पोकळ वाकीला आकार टिकवायला आत लाख भरतात, ती पद्धत जुनीच आहे. प्रश्न एवढाच की लाखेला चांदीचा भाव लावला का. आत्याच्या संमतीने एका वाकीचं टोकाचं टोपण काढलं, मंद उबेवर लाख बाहेर काढली. १३ ग्रॅम निघाली. दोन्ही वाक्या धरून २६ ग्रॅम लाख चांदीच्या भावाने घेतलेली. आत्या पावती घेऊन त्या दुकानी गेली. सुदैवाने त्यांनी जोडी परत घेतली, पण पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं तर ही फेरीच झाली नसती.

मग आम्ही वाक्या भरीव पट्टीच्या करायला घेतल्या, आणि इथे माझी चूक झाली. मी नवरीच्या दंडाचं माप घेतलं ते उघड्या दंडावर, हात खाली सोडलेला असताना. २७ सेंटिमीटर. वाक्या तयार झाल्या, त्या ब्लाऊज शिवून झाल्यावर घालून पाहायला आली तेव्हा बाहीवर चढेनात. जरीच्या बाहीने आणि अस्तराने अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त भर घातली होती. आणि माळ घालायला हात वर उचलला की दंड फुगतो, ते माप आलं साडेएकोणतीस. वैशाखातल्या उन्हात दुपारी अंगाला सूज असते, ती वेगळी. वाकीचं माप नेहमी शिवलेल्या बाहीवर, हात कोपरात वाकवून, दुपारनंतर घ्यावं. मला हे माहीत होतं. ब्लाऊज तयार नव्हता आणि मी घाई केली.

वाकी बंद कड्याची न करता मागे उघडी ठेवली होती म्हणून निभावलं. कारागिराने ती थोडी उघडली आणि टोकं वळवली. पण उघडल्यावर एक वाकी नीट दंड धरेना, सरकून कोपरापर्यंत येत होती. दुसरी व्यवस्थित. दोन्हींचा टंच तोच, जाडी तीच, मग फरक कसला? सरकणाऱ्या वाकीवर मोराचा तुरा शेवटी डाक देऊन बसवला होता. चांदी ठोकून, वळवून तयार करताना ती घट्ट होते, तिच्यात ताण येतो, आणि तोच ताण दंड धरून ठेवतो. पण नंतर आच दिली की ती पुन्हा नरम पडते. डाक शेवटी दिला आणि त्यानंतर पट्टी ठोकून घट्ट केली नाही, तर वाकी शिशासारखी वाकते आणि वाकलेलीच राहते. ओळखायची खूण अशी: दोन टोकं अर्धा सेंटिमीटर जवळ दाबून सोडायची. परत जागेवर आली तर ठीक. दाबलेल्या जागीच राहिली तर पट्टी मऊ आहे. कारागिराने ती लाकडी हातोडीने साच्यावर पुन्हा ठोकली, तेवढ्यावर ती दंड धरू लागली.

शेवटी एकेक वाकी ५५ ग्रॅमची झाली. त्यातली पट्टी दोन सेंटिमीटर रुंद आणि ०.८ मिलिमीटर जाड. ०.५ ची केली असती तर ३५-४० ग्रॅममध्ये भागलं असतं, पण पातळ पट्टी दोनचार वेळा उघडझाप केली की मोडते.

पावती आणि शिक्का

पैंजण आणि जोडव्यांवर फार वेळ गेला नाही. घोट्याचं माप २३ होतं, पैंजण साडेपंचवीसचे घेतले, म्हणजे टाचेवर उतरत नाहीत आणि बसल्यावर घोट्यात रुतत नाहीत. जोडवी उघड्या कड्यांचीच घ्यावीत, कारण लग्नाच्या दिवशी पाय सुजतात आणि बंद जोडवं संध्याकाळी निघत नाही. जोडव्याची टोकं बोटाखाली एकमेकांवर चढली पाहिजेत, समोरासमोर नकोत. समोरासमोरच्या फटीत कातडी चिमटते.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या दागिन्यांवरही सोन्यासारखा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असलेला हॉलमार्क मिळतो. चांदीला तो सक्तीचा नाही, मागावा लागतो. दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि SILVER हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी असतो, आणि तो क्रमांक BIS Care या ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. तिथे दिसणारा प्रकार हातातल्या वस्तूशी जुळतो का, हे नक्की पाहावं. नुसतं "९२५" कोरलेलं असणं म्हणजे हॉलमार्क नव्हे, तो ठसा कुणीही मारू शकतं.

वाक्या, पैंजण यांना आम्ही हॉलमार्क करून घेतला. कमरपट्ट्याला तो मिळणार नव्हता, कारण ६९ टंचाला शिक्का नसतो, आणि मला वाटतं त्याला त्याची गरजही नव्हती. पावतीवर मात्र पट्ट्याच्या साखळीचं वजन आणि टंच वेगळे लिहून दिले. नव्या प्रत्येक दागिन्यापुढे एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता, मजुरी, आणि मोड द्यायची झाली तर किती टंचाने घेऊ, हे पाच रकाने. शेवटचा रकाना मागणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. आईने तो दोनदा वाचला.

मुलाम्याचा विषय निघालाच. गळ्यात सोन्याची ठुशी आणि पुतळ्यांची माळ, मग कमरेला पांढरं कसं दिसेल, म्हणून पट्ट्याला सोन्याचा मुलामा द्यावा असं आईला वाटत होतं. मी नको म्हटलं. पट्ट्याची नक्षी खोलगट होती, खोबणीत पिढ्यान् पिढ्यांचा काळपटपणा बसून तीच नक्षी उठून दिसत होती. मुलाम्याआधी तो सगळा घासून काढावा लागतो. शिवाय मुलाम्याखाली काही ठिकाणी निकेलचा थर देतात आणि निकेल अनेकांच्या कातडीला सोसत नाही. कमरेला घाम आला की खाज सुटते. शेवटी रिठ्याच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन पट्टा तसाच दिला. चांदी झटक्यात पांढरी करणारी जी तयार द्रावणं मिळतात, त्यांत जुना पट्टा बुडवला तर काळपटपणाबरोबर नक्षीची धारही बोथट दिसायला लागते.

लग्नाच्या दिवशी सकाळी आकडा ९० च्या कडीत होता. विधी उरकले, नवरी उठली, तेव्हा आत्याने मागून पदर उचलून तो ८४ वर आणला आणि फोटोला उभी केली. हे मला नंतर आत्यानेच फोनवर सांगितलं. डावी वाकी, ती पुन्हा ठोकलेली, दिवसभर जागेवर होती. उजवी एकदा सरकली.

आठ दिवसांनी आई पट्टा घेऊन पुन्हा आली, एक घुंगरू हरवलं होतं. त्याच्या जागी मी नवं बसवलं नाही, ते चिरलेलं घुंगरू पट्ट्यापासून दूर डाक देऊन बुजवलं आणि कडीने परत अडकवलं. मग डबीत ठेवायला एक चिठ्ठी लिहून दिली: पट्टा जुन्या फाशासकट ३१० ग्रॅम, सरासरी ६९ टंच, आच लावू नये. मागची साखळी ३८ ग्रॅम, ९२५. आईने चिठ्ठी वाचून खाली पेनाने सासूबाईंचं नाव लिहिलं आणि घडी घालून डबीत टाकली.